स्वतःवरचा विनोद कुठे थांबवायचा? क्रियापदाकडे लक्ष द्या

प्रश्न: मी ३४ वर्षांचा आहे, ऐरोलीत एका आयटी कंपनीत टीम लीड. मीटिंगच्या सुरुवातीला स्वतःचीच खेचली की वातावरण हलकं होतं, मलाही मोकळं वाटतं. पण हल्ली बायको म्हणते, 'तू सतत स्वतःला कमी लेखत असतोस, ऐकवत नाही.' आणि परवा एका ज्युनियरने माझंच नेहमीचं वाक्य, 'सरांचं डोकं लंचनंतर बंदच असतं', क्लायंटसमोर म्हणून टाकलं. सगळे हसले, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. आता हा विनोद पूर्ण बंद करू का? मग मी अगदीच ताठर वाटेन अशी भीती वाटते.

उत्तर:

बंद करू नका. तुमच्या हातून दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली होत आहेत. त्यातली एक ठेवण्यासारखी आहे, दुसरी सोडण्यासारखी. मी ठाण्यात सतरा वर्षं समुपदेशन करते आणि या दोन्हींमधला फरक लोकांना समजावताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मराठी व्याकरणाचा. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिलं: 'काल ऐरोलीला उतरायचं होतं, प्रेझेंटेशन वाचण्याच्या नादात घणसोलीला पोहोचलो, मग उलटी गाडी पकडून परत आलो.' दुसरं: 'मी म्हणजे ना, वेंधळाच आहे, माझं लक्षच नसतं कधी.' पहिल्यात दिवस आहे, जागा आहे, क्रियापद भूतकाळातलं आहे आणि गोष्ट संपलेली आहे. तुम्ही ऐरोलीला पोहोचलेले आहात, उभे राहून सांगता आहात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घणसोलीच्या प्लॅटफॉर्मवर उतरलेला, लॅपटॉपची बॅग सावरणारा माणूस येतो आणि तो हसतो. दुसऱ्या वाक्यात काहीच घडत नाही. तिथे 'आहे' आहे, 'नसतं' आहे, 'कधी' आहे आणि शिवाय 'च' आहे. तो एक निकाल आहे, आणि निकालावर हसण्यासारखं काही नसतं.

आपल्या भाषेत या निकालाच्या खुणा अगदी ठळक आहेत. 'मी म्हणजे', 'आपलं नेहमीचंच', 'माझं हे असंच', 'मला ना जमतच नाही' असं काही तोंडून निघालं की समजावं, घटना बाजूला राहिली आणि आपण स्वभावावर शिक्का मारायला लागलो. तुमचं 'डोकं लंचनंतर बंदच असतं' हे वाक्य तपासा. 'असतं' आणि 'च', दोन्ही आहेत. म्हणूनच ते ज्युनियरला उचलता आलं. घणसोलीची गोष्ट त्याला उचलता आली नसती, कारण ती तुमच्या बाबतीत घडलेली आहे आणि सांगायचा हक्क तुमचाच आहे. शिक्का मात्र कुणीही हातात घेऊन मारू शकतो.

दुसरी गोष्ट बघायची ती समोरच्याची अवस्था. तुम्ही 'मला काही कळत नाही त्यातलं' असं म्हणता तेव्हा ऐकणाऱ्यावर एक काम येऊन पडतं: त्याला 'नाही हो, असं कसं' म्हणावं लागतं. संभाषणांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या अनिता पोमेरांत्झ यांनी १९८४ साली हे नेमकं मांडलं होतं. एरवी कुणी काही मत दिलं की सहमत होणं सोपं जातं, असहमतीला लोक कचरतात. पण माणूस स्वतःलाच नावं ठेवतो तेव्हा हे उलटतं. तिथे लगेच नाकारणं अपेक्षित असतं, आणि समोरचा गप्प राहिला तर ते गप्प राहणं होकार म्हणून ऐकू येतं.

याचा परिणाम मी इतक्या लोकांत पाहिला आहे की तो जवळजवळ ठरलेल्या क्रमाने येतो. पहिल्यांदा लोक मनापासून नाकारतात. पाचव्यांदा कर्तव्य म्हणून नाकारतात. विसाव्यांदा नुसतं हसून गप्प बसतात. ती शांतता बोलणाऱ्याला टोचते, आणि ती भरून काढायला तो आणखी एक, जरा जास्त बोचरं वाक्य स्वतःवर टाकतो. डोस असा वाढत जातो. तुमच्या पत्नीचं 'ऐकवत नाही' हे मला याच टप्प्यावरचं वाटतं. त्या नाकारून नाकारून दमल्या आहेत.

तुमच्याकडे तर पदही आहे. टीम लीडने स्वतःला नावं ठेवली की ज्युनियरची पंचाईत होते. 'हो सर' म्हणावं तर उद्धटपणा, 'नाही सर' म्हणावं तर लाळघोटेपणा. मग ज्याला थोडा जास्त आत्मविश्वास आहे तो एक दिवस तुमच्याच वाक्याने तुमची खेचतो. त्याच्या मते तो तुमच्याच विनोदात सामील झालेला असतो.

एक केस सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, गाभा तोच आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्चेस सांभाळणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या, वय बेचाळीस. मराठी माध्यमात शिकलेल्या, कामात अतिशय पक्क्या. बाहेरगावच्या सप्लायरशी कॉल सुरू झाला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'सॉरी हां, माझं इंग्लिश म्हणजे आनंदच आहे.' समोरचे हसायचे, त्यांचाही ताण उतरायचा. तीन वर्षं असं चाललं. मग चेन्नईच्या एका सप्लायरकडे प्रत्यक्ष जाऊन दर ठरवायची वेळ आली तेव्हा साहेबांनी त्यांच्याऐवजी दुसऱ्या सहकाऱ्याला पाठवलं. त्यांनी विचारलं तेव्हा साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, 'मॅडम, तुम्हालाच अवघडल्यासारखं होतं ना इंग्लिशमध्ये, म्हणून म्हटलं त्रास नको.' साहेबांनी त्यांची परीक्षा घेतली नव्हती. त्यांनी फक्त बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

मी त्यांना एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद करा असं सांगितलं. छोटी वही, प्रत्येक वाक्यासमोर तीन गोष्टी: काय म्हटलं, कशाबद्दल, आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत समोरच्याने काय केलं. पाच दिवसांत एकोणीस नोंदी झाल्या. अकरा इंग्लिशबद्दल, पाच वजनाबद्दल, तीन खरोखर घडलेल्या फजित्या. लोक एकूण सहा वेळा हसले होते. तिन्ही फजित्यांना हशा मिळाला होता आणि उरलेल्या सोळा वाक्यांना मिळून फक्त तीन वेळा. बाकी ठिकाणी 'नाही हो मॅडम', नाहीतर विषय बदलला, नाहीतर काहीच नाही. 'मला वाटायचं सगळे हसतात,' असं त्या वही बघत म्हणाल्या. हे फार जणांना वाटतं, कारण आपण स्वतः हसत असतो आणि त्यात समोरच्याची शांतता ऐकू येत नाही. म्हणून तिसरा रकाना सोडायचा नाही.

पुढचे दोन आठवडे एकच नियम ठेवला. कॉलच्या सुरुवातीला इंग्लिशचा विषय काढायचा नाही. सगळंच थांबवा असं मी मुद्दाम म्हटलं नाही. सवय एकदम तोडायला गेलं की माणूस गप्प होतो, अवघडतो, आणि मग 'बघा, त्याशिवाय मला जमत नाही' असा नवा शिक्का तयार होतो. त्या वाक्याच्या जागी कामाचं वाक्य ठेवलं: 'नमस्कार, मागच्या तीन ऑर्डरच्या डिलिव्हरीबद्दल बोलायचंय.' इंग्रजीतलं हे एक वाक्य त्यांनी घरी दहा वेळा म्हणून पाहिलं.

अवघड गेलं ते वाक्य नाही, त्याच्या आधीचे दोन सेकंद. कॉल लागला, समोरचा 'हॅलो' म्हणाला, आणि तेवढ्या रिकाम्या जागेत जुनं वाक्य जिभेवर येऊन बसायचं. त्या जागेत आम्ही पाण्याचा घोट ठेवला. ग्लास फोनशेजारी, हॅलो ऐकलं की एक घोट, मग कामाचं वाक्य. पहिल्या आठवड्यात दोनदा घसरल्या, दोन्ही वेळा संध्याकाळी पाचनंतर. थकवा असतो तेव्हा जुनी वाट आधी पकडली जाते, म्हणून महत्त्वाचे कॉल त्यांनी सकाळी घ्यायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात विनोद परत आणला, पण कामाचं बोलून झाल्यानंतर आणि घडलेल्या गोष्टीवर. त्यांनी एक फारच छान किस्सा सांगितला. एकाच आडनावाचे दोन सप्लायर होते, त्यांनी चुकीच्या माणसाला फोन लावला आणि दहा मिनिटं घासाघीस केली. त्या बिचाऱ्याने त्याच्याकडे नसलेल्या ऑर्डरवर दोन टक्के सूट कबूल केली. कॉलवरचे सगळे खळखळून हसले. या किस्स्यात फजिती त्यांचीच आहे, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात काय राहतं? ही बाई नसलेल्या मालाचाही भाव पाडते.

यामागे एक जुना प्रयोगही आहे. एलियट अ‍ॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली विद्यार्थ्यांना एका प्रश्नमंजुषेतल्या स्पर्धकाच्या टेप ऐकवल्या. एका टेपमध्ये तो ९२ टक्के उत्तरं बरोबर देतो, दुसऱ्यात ३० टक्के. दोन्हींच्या काही प्रतींत शेवटी तो अंगावर कॉफी सांडतो. हुशार स्पर्धक कॉफी सांडल्यावर लोकांना जास्त आवडला. यथातथा स्पर्धक मात्र कॉफी सांडल्यावर आधीपेक्षाही कमी आवडला. टेपवरचा अनोळखी आवाज आणि रोज शेजारी बसणारा माणूस यांत फरक आहे, त्यामुळे हा निष्कर्ष फार ताणू नये. पण क्रमाबद्दल तो जे सांगतो ते माझ्या अनुभवाशी जुळतं: आधी काम दिसू द्या, मग कॉफी सांडा. नवीन क्लायंटसमोर पहिल्याच मिनिटाला स्वतःवर विनोद केला तर त्याच्याकडे तुमच्याबद्दल दुसरी काहीच माहिती नसते. तो विनोद हीच तुमची ओळख होते. पंधराव्या मिनिटाला, एखादा प्रश्न नीट सोडवून दिल्यानंतर तोच विनोद तुम्हाला जवळचा माणूस बनवतो.

याच कारणाने मी एक विषय पूर्ण वर्ज्य ठेवायला सांगते: ज्या कौशल्याचा तुम्हाला पगार मिळतो ते कौशल्य. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, पोळ्या लाटल्या आणि त्यांचे नकाशे झाले, चुकीच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली, हे सगळं खुशाल सांगा. पण टीम लीडने 'मला एस्टिमेट कधी जमलंच नाही' असं म्हणू नये, शिक्षकाने 'माझा विषय कच्चाच' म्हणू नये. टीमला पुढच्या वेळी तुमच्या एस्टिमेटवर क्लायंटशी वाद घालायचा असतो. त्यांच्या पायाखालची जमीन तुम्ही हसत हसत काढून घेता.

बाईंच्या वजनाबद्दलच्या पाच वाक्यांकडे परत येते, कारण ती वेगळ्या जातीची होती. पाचही डबा उघडताना म्हटलेली. 'बघा, हत्तीण बसली जेवायला.' वहीवर बोलताना त्यांनी स्वतःच सांगितलं की लहानपणी प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी नातेवाईक काहीतरी बोलायचेच, म्हणून आपणच आधी म्हणून टाकायचं अशी सवय लागली. इथे विनोदाचं काम वातावरण हलकं करणं हे नव्हतंच. तो वार अडवायला पुढे केलेला हात होता, आणि मारणारं तिथे आता कुणीच नव्हतं. डब्याला बसणाऱ्या तीन मैत्रिणींपैकी एकीनेही कधी त्यांच्या वजनाचा विषय काढला नव्हता.

अशा वाक्याला दुसरा विनोद शोधत बसू नये. त्या विषयावरचा विनोद पूर्ण थांबवावा, निदान काही महिने. आम्ही फक्त एवढंच ठरवलं की डबा उघडताना भाजीचं नाव सांगायचं. 'आज वालाचं बिरडं आहे, घ्या.' इतकं साधं. मैत्रिणींनी डबे पुढे केले. पण त्या आठवड्यात बाईंना पोटात गोळा यायचा असं त्या म्हणाल्या, आणि मला ते पटतं. ढाल खाली ठेवताना भीती वाटतेच. ती भीती कमी व्हायला दोन महिने लागले.

तुमच्यासाठी ओळखायची खूण अशी: वाक्य बोलून झाल्यावर स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्या. खऱ्या किस्स्यानंतर खांदे सैल पडतात आणि तुम्ही सहज पुढच्या मुद्द्यावर जाता. अडवायला म्हटलेल्या वाक्यानंतर तुम्ही समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहता, तो काय म्हणतोय याची वाट बघत. ही वाट बघणं जिथे जिथे सापडेल, तो विषय वहीत वेगळा लिहून ठेवा.

रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या सवयी मोजायची ३२ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यात विनोदाच्या चार तऱ्हा आहेत. कठीण प्रसंगाकडे गमतीने बघून स्वतःला सावरणं ही एक, आणि लोकांना आपण आवडावं म्हणून स्वतःला मर्यादेबाहेर हास्यास्पद करणं ही दुसरी, पूर्णपणे वेगळी. ही दुसरी तऱ्हा ज्यांच्यात जास्त आढळते त्यांच्यात उदासी, चिंता आणि स्वतःबद्दलचा कमी आदरही जास्त आढळतो. कशामुळे काय होतं हे त्यावरून ठरत नाही. पण दोन्ही एकत्र दिसली तर मी फक्त विनोदाच्या सवयीवर काम करत बसत नाही. तुम्ही एकटे असतानाही, ऐकायला कुणी नसताना, तीच वाक्यं मनात म्हणत असाल आणि त्यात हसू अजिबात नसेल, झोप बिघडली असेल, आवडत्या गोष्टींत मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर वही बाजूला ठेवा आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास मोफत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तशी शंका आलेली नाही, तरी स्वतःला हा प्रश्न एकदा विचाराच.

तुमच्या मीटिंगचं आता बघू. एक आठवडा नोंद करा, तिसऱ्या रकान्यासह. पुढच्या सोमवारपासून मीटिंगचं पहिलं वाक्य कामाचं ठेवा. 'गेल्या आठवड्यात चार बग बंद झाले, एक अडकलाय, त्याच्यापासून सुरू करू.' ताठर वाटाल ही भीती पहिल्या दोन मीटिंगना राहील. कामाचं पहिलं वाक्य हसऱ्या चेहऱ्याने म्हणता येतं, आणि लोकांना मोकळं वाटतं ते बहुतेक वेळा चेहऱ्यामुळे, आवाजामुळे आणि तुम्ही त्यांचं ऐकून घेता यामुळे. घडलेला किस्सा असेल तर मधे किंवा शेवटी सांगा. नसेल तर त्या दिवशी सांगू नका. मीटिंगमागे एक पुरे. एकामागून एक तीन चांगले किस्से सांगितले तरी ऐकणारा त्यांची बेरीज करतो आणि शिक्का त्याचा तोच तयार करतो.

आणि घरी पत्नीला वही दाखवा. त्यांना काही सुधारायला सांगू नका, फक्त एक मदत मागा: तुमच्या तोंडून 'मी म्हणजे' आलं की त्यांनी 'नाही रे' म्हणायचं नाही, 'काय झालं आज?' एवढंच विचारायचं. तो प्रश्न तुम्हाला निकालावरून घटनेवर आणतो. कधी त्यातून खरंच गमतीचा किस्सा निघेल. कधी कळेल की दुपारी मॅनेजर काहीतरी लागेल असं बोलला होता आणि तुम्हाला त्याबद्दल बोलायचं होतं.

ज्युनियरशी मात्र या आठवड्यातच बोला, एकट्याला घेऊन, चहाच्या टपरीवर चालेल. रागाचा सूर नको, कारण वाक्य तुमचंच होतं. आणि विनोदही नको. त्या वेळी विनोद केलात तर त्याला वाटेल की सगळं ठीक आहे. सरळ म्हणा, 'लंचनंतर डोकं बंद असतं, हे मीच म्हणायला लागलो होतो. ते क्लायंटसमोर आलं तेव्हा मला बरं वाटलं नाही. मी ते म्हणणं बंद केलंय, तूही करू नकोस.' मग थांबा. तो बहुतेक 'सॉरी सर' म्हणेल. त्यावर 'अरे, माझंच चुकतं नेहमी' असं म्हणायची जोरदार उबळ येईल. तिथे चहाचा घोट घ्या आणि त्याला त्याच्या कामाबद्दल काहीतरी विचारा.